अपूर्णांकाचा पहिला तास: सांगायचं की शोधू द्यायचं?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत डी.एल.एड. करणाऱ्यांचे सराव पाठ सुरू झाले की पाठ टाचण काढताना हा प्रश्न हमखास येतो. चौथीचा वर्ग, पालिकेची मराठी शाळा, पस्तीस मिनिटांची तासिका, बाकांवर चाळीसेक मुलं. अपूर्णांक थेट शिकवायचा, की वाटणीचं गणित देऊन मुलांकडून काढून घ्यायचा?

थेट अध्यापनाचा तास आखायला सोपा. कागदाची पट्टी घ्यायची, दोनदा घडी घालून चार समान भाग करायचे, तीन रंगवायचे आणि फळ्यावर 3/4 लिहायचं. खालचा छेद, वरचा अंश. मग एक उदाहरण सगळ्यांनी मिळून, दोन ज्याचं त्याने. वीस मिनिटांत मुलं आकृती बघून अपूर्णांक लिहायला लागतात आणि निरीक्षणाला मागे बसलेल्या बाईंनाही पाठ नीटनेटका वाटतो.

अडचण पुढच्या आठवड्यात कळते. मुलं भाग मोजायला शिकलेली असतात, भागांची समानता बघायला नाही. आयताचे चार असमान तुकडे काढून एक रंगवा आणि विचारा, हा 1/4 आहे का? बरीच ‘हो’ म्हणतात. 1/3 मोठा की 1/4? ‘1/4, कारण चार मोठे.’ तीन भाग रंगवलेले आणि एक कोरा असला की काही जण 3/1 लिहितात. आणि आपण सवयीने म्हणतो ते ‘चारपैकी तीन’ पुढे फारच महागात पडतं, कारण 4/3 आलं की ‘तीनपैकी चार’ घ्यायचे कसे, हे कुणालाच सांगता येत नाही.

आता दुसरी वाट. चार-चार मुलांचे गट करायचे (पुढच्या बाकावरची दोघं मागे वळली की गट झाला), प्रत्येक गटाला तीन सारख्या पट्ट्या द्यायच्या आणि सांगायचं: या तीन चिक्क्या चौघांत सारख्या वाटा, काही उरता कामा नये. ही शेवटची अट विसरू नका, नाहीतर एखादा गट अख्खी चिक्की बाईंना देऊन मोकळा होतो. आकडेही मुद्दाम निवडलेले आहेत. तिघांत वाटायला दिलं तर पट्टीची तीन समान भागांत घडी मुलांना जमत नाही आणि तास घड्या घालण्यातच जातो.

उत्तरं साधारण दोन येतात. काही गट प्रत्येक चिक्कीचे चार तुकडे करून एकेकाला तीन देतात. काही गट दोन चिक्क्या अर्ध्या करतात आणि तिसरीचे चार भाग, म्हणजे एकेकाला अर्धी आणि वर पाव. दोन्ही वाटे पट्टीवर ठेवून बघितले की सारखेच भरतात, आणि बाजारहाट केलेलं एखादं मूल आपणहून ‘पाऊण’ म्हणतं. ‘पाच जण असते तर वाटा वाढला असता का?’ असं विचारलं की छेद मोठा तसा भाग लहान, हे मुलांना न सांगता दिसतं.

पण इथेही एक जागा निसरडी आहे. ‘बारा तुकडे झाले, मला तीन मिळाले, म्हणजे 3/12’, असं कुणीतरी म्हणणारच. तीनही चिक्क्या मिळून एक पूर्ण धरलं तर ते बरोबरच आहे, म्हणून ‘चूक’ म्हणून पुसून टाकू नका. ‘एका चिक्कीचा केवढा भाग?’ एवढंच विचारा. हा प्रश्न टाचणात आधीच लिहून ठेवलेला नसेल, तर तास तिथेच फसतो. दुसरा धोका म्हणजे गटातलं एकच मूल कापतं आणि बाकीची बघत बसतात. म्हणून प्रत्येकाला आपला वाटा वहीत काढायला लावायचा.

वर अंश आणि खाली छेद ही मात्र माणसांनी ठरवलेली पद्धत आहे, ती कुणी शोधून काढू शकत नाही. तिथे ‘ओळखा पाहू’ करत बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय. सरळ सांगावं.

माझं मत असं: जोडतासिका मिळत असेल तर आधी वाटणी करा. तिला अर्धा तास द्या, आणि मुलांच्या हातात वाटे असतानाच 3/4 लिहायला शिकवा. एकच तासिका असेल आणि वर्ग तुम्हाला नवा असेल, तर थेट शिकवा. पस्तीस मिनिटांत वाटणी, चर्चा आणि लेखन असं सगळं कोंबलं की चर्चाच कापली जाते, आणि तिच्याशिवाय वाटणी म्हणजे नुसतं कागदकाम. थेट शिकवताना मात्र दोन बदल करा. समान भागांच्या आकृतीशेजारी असमान भागांची काढा आणि ही का चालत नाही, ते मुलांना बोलायला लावा. आणि ‘चारपैकी तीन’ऐवजी ‘एका पट्टीचे चार समान भाग, तसे तीन’ म्हणा. मग 4/3 आलं तरी अडत नाही: तीन समान भाग करायचे, तसे चार घ्यायचे, दुसरी पट्टी लागली तर लागली.

तास कोणताही घेतलात तरी शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि असमान तुकड्यांचा आयत व 1/3 की 1/4 हे दोनच प्रश्न वहीत सोडवून घ्या. दुसऱ्या दिवशी काय घ्यायचं, ते त्या वह्यांवरून ठरवा.