थ्रीडीएस की व्हिटा? आधी गेम कुठून येणार ते ठरवा

सेकंडहँड हँडहेल्ड गेम कन्सोल घ्यायचा म्हणून निन्टेंडोचा थ्रीडीएस आणि सोनीचा पीएस व्हिटा यांच्यात अडकला असाल, तर स्क्रीन-बॅटरीचं क्षणभर बाजूला ठेवा. तुमचे गेम कोणत्या देशातून येणार आहेत? मी दोन्ही वापरलेत, आणि माझा निर्णय याच प्रश्नाने केला.

थ्रीडीएस मामेभावाने न्यू जर्सीहून आणला होता. पुढच्या वर्षी मावशी लंडनहून आली, आठवणीने एक गेम घेऊन. कार्ड घातलं, गेम सुरूच होईना. पुसून पुन्हा घातलं, तेच. घरातलं जुनं कार्ड घातलं तर ते मात्र लगेच चाललं. शेवटी लेबलवरची बारीक अक्षरं वाचली. कार्डाच्या कोडच्या शेवटी EUR, आणि कन्सोलच्या पाठीवर CTR-001(USA). कार्ड अस्सल, कन्सोल अस्सल, पण एकमेकांच्या कामाचे नाहीत. मावशी तोवर परत गेली होती. बदलून घेणार कुठे?

हाच रीजन लॉक. गेम कोणत्या प्रदेशासाठी आहे याची नोंद गेममध्येच असते. कन्सोल ती स्वतःच्या प्रदेशाशी ताडून बघतो आणि जुळली नाही तर गेम उघडत नाही. खाच तीच, कार्डही त्याच आकाराचं.

टीव्हीला जोडायच्या जुन्या कन्सोलच्या बाबतीत निदान देशोदेशीच्या टीव्हींमधला ५० आणि ६० हर्ट्झचा फरक तरी होता. हँडहेल्डला स्वतःची स्क्रीन असते, तिथे तो मुद्दाच उरत नाही. उरतात ती व्यवहाराची कारणं: प्रत्येक देशातले वितरक वेगळे, किमती वेगळ्या, वयोगटाचे नियम वेगळे, भाषांतर तयार व्हायची वेळही वेगळी. ‘फायर एम्ब्लेम अवेकनिंग’ जपानमध्ये एप्रिल २०१२ मध्ये आला, अमेरिकेत फेब्रुवारी २०१३ मध्ये आणि युरोपात त्याच वर्षी एप्रिलमध्ये. लॉक नसता तर इंग्रजीसाठी थांबलेल्या युरोपातल्या लोकांनी दोन महिने आधीच अमेरिकेतून मागवला असता. कंपनीच्या बाजूने हे मला समजतं. पण नातेवाइकांच्या बॅगेतून गेम येणाऱ्या घरात त्याचा त्रासच होतो.

व्हिटाचं गेम कार्ड कोणत्याही देशातलं चालतं. एक अडचण आहे: गेमचे डाउनलोड करायचे जादा भाग गेमच्याच प्रदेशातल्या अकाउंटवरून घ्यावे लागतात, आणि व्हिटावर अकाउंट बदलणं कटकटीचं आहे. नुसती कार्डं खेळणाऱ्याला याची झळ फारशी लागत नाही.

गेमचा साठा थ्रीडीएसचाच जास्त चांगला, हे कबूल करायला हवं. शिवाय जुने डीएस गेम त्यावर बहुतेक कुठलेही चालतात. तुमचे सगळे गेम एकाच देशातून येणार असतील तर तो बिनधास्त घ्या. फक्त घेताना सेटिंग्जमध्ये व्हर्जनचं शेवटचं अक्षर बघा: U म्हणजे अमेरिका, E म्हणजे युरोप, J म्हणजे जपान. तशी खात्री नसेल तर मी व्हिटाकडेच झुकेन. माझ्या डबीत आज तीन देशांची कार्डं आहेत, आणि कुठलं कुठून आलं ते लेबल बघितल्याशिवाय मला सांगता येणार नाही.