जळगावातच बढती की चाकणला उडी?

जळगाव एमआयडीसीत हातात २२,००० घेणाऱ्या डिप्लोमावाल्याला चाकणहून ३०,०००ची ऑफर आली, असं धरू. खोलीचा वाटा ५,०००, मेस ३,५००, गावी येणं-जाणं १,५००; उरले २०,०००. म्हणजे घरी राहून भरीत-भाकरी खाणारा सुरुवातीला पुढेच.

दोन्हीकडे वर्षाला ८ टक्के वाढ धरली, तर तीन वर्षांनी जळगावात २७,७०० आणि चाकणला ३७,८००. खर्च तोच धरून वजा केला तरी बरोबरी. खरा फरक पुढच्या उडीत पडतो, कारण नवी कंपनी टक्केवारी चालू पगारावर लावते, शिलकीवर नाही.

बढतीने हे अंतर भरू शकतं, पण बऱ्याचदा नुसतं ‘सीनियर’ हे पद मिळतं नि बेसिक तिथंच राहतो. पत्रात नवा बेसिक नि लागू तारीख नसेल तर ती बढती धरूच नका.

चार वर्षं झाली असतील तर मात्र घाई नको. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला साधारण पाच वर्षं सलग लागतात. १२,००० बेसिकवर ती सुमारे ३४,६०० होते. निघताना पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर वळवा.