वायरिंग बदलताना: पॉइंटवरचा वायरमन की लायसन्सचा काँट्रॅक्टर?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात जुन्या घराचं वायरिंग बदलायचं ठरलं की दोन वाटा समोर येतात. एक, गल्लीतला ओळखीचा वायरमन, जो पॉइंटमागे मजुरी घेतो आणि सामान तुमच्याकडून आणवतो. दुसरी, लायसन्सचा इलेक्ट्रिकल काँट्रॅक्टर, जो पूर्ण कामाचा आकडा सांगतो आणि शेवटी सहीशिक्क्याचा कागद देतो. मी दुसरी वाट घेतली. पहिल्या वाटेने गेलेली काही घरं चांगली चालताना पाहिली आहेत, त्यामुळे ती वाईटच असं म्हणणार नाही. फरक कुठे पडतो, तेवढं सांगतो.

हाताच्या कसबात फरक बहुधा नसतो. पाइप टाकणं, बोर्ड सरळ रेषेत बसवणं यात पॉइंटवरचा वायरमन कित्येकदा सरस निघतो. वायर किती चौरस मिलिमीटरची, एमसीबी किती अँपिअरचा, हे दोघांनाही माहीत असतं. माझं पारडं झुकलं ते न्यूट्रलमुळे, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरमुळे.

आरसीसीबी म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. तो बाहेर जाणारा आणि परत येणारा करंट यांची तुलना करतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० मिलीअँपिअरच्या फरकाला पडतो. आता शहापुरातलं एखादं दुमजली घर डोळ्यांसमोर आणा. खाली एक आरसीसीबी, वर दुसरा. जिन्यातल्या दिव्याला फेज खालच्या बोर्डातून आला आणि न्यूट्रल वरच्या बोर्डातून, कारण तो जवळ पडला. दिवा फक्त ९ वॉटचा एलईडी. तोही साधारण ४० मिलीअँपिअर घेतो. तो करंट खालच्या आरसीसीबीतून बाहेर पडतो आणि वरच्यातून परत येतो. दिवा लावला की दोघांपैकी एक पडतो. घरात कुठेही गळती नाही, कुणाला करंट बसलेला नाही, तरी अंधार. महिनाभर हे चाललं की कुणीतरी सुचवतो, "आरसीसीबी काढून टाका, त्याच्याशिवाय काही बिघडत नाही."

बिघडतं, आणि आपल्याकडे जास्तच बिघडतं. खानापूरच्या बाजूच्या तांबड्या जांभ्या मुरुमात उन्हाळ्यात जमीन कोरडी झाली की अर्थिंगचा रेझिस्टन्स चढतो. समजा तो २० ओहम झाला आणि गिझरच्या पत्र्याला फेज चिकटला. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. ट्रान्सफॉर्मरकडचा रेझिस्टन्स धरला तर त्याहून कमी. १६ अँपिअरचा एमसीबी यावर कधीच पडणार नाही. गिझरचा पत्रा आणि अर्थच्या हिरव्या वायरला जोडलेली घरातली प्रत्येक धातूची वस्तू जिवंत राहील. अर्थिंग अगदी ५ ओहमचं धरलं तरी ४६ अँपिअर होतात. 'सी' प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी तत्काळ पडायला ८० ते १६० लागतात, म्हणून तोही काही सेकंद थांबतो. हाच दोष ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी क्षणात तोडतो. एका चुकलेल्या न्यूट्रलमुळे तो काढला, तर घराचं खरं संरक्षणच गेलं.

पॉइंटवरच्या कामात न्यूट्रल का चुकतो, याचं कारण माणसात नाही, हिशोबात आहे. त्याला पैसे पॉइंटचे मिळतात. डीबीपासून, म्हणजे सगळे एमसीबी असलेल्या मुख्य बोर्डापासून, स्वतंत्र न्यूट्रल ओढायला पाइपमधून आणखी एक वायर, आणखी अर्धा दिवस लागतो, आणि त्याने पॉइंट एकही वाढत नाही. शेजारच्या बोर्डातला काळा वायर घेतला तरी दिवा लागतोच. इन्व्हर्टर असलेल्या घरात हे हमखास होतं. इन्व्हर्टरचा फेज वेगळा नेतात, न्यूट्रल मात्र सगळ्या घराचा एकच ठेवतात.

म्हणून काम देण्याआधी दोघांनाही मी हाच प्रश्न पहिला विचारेन: "मेस्त्री, डीबीत किती सर्किट होणार, आणि प्रत्येकाचा न्यूट्रल शेवटपर्यंत वेगळा राहणार का?" उत्तरात सर्किटांची संख्या आली, जिन्याचा दिवा कोणत्या सर्किटवर ते आलं, इन्व्हर्टरच्या सर्किटांना वेगळी न्यूट्रल लिंक, म्हणजे न्यूट्रल जोडायची पट्टी, आणि इन्व्हर्टरच्या पुढे त्यांचा स्वतःचा आरसीसीबी, हे आलं, तर माणूस विचार करून काम करतो. "न्यूट्रल सगळा एकच असतो हो" असं उत्तर आलं तर मजुरी कितीही कमी असो, पुढे जाऊ नये. वेगळ्या न्यूट्रलचे पैसे पॉइंटच्या दरात आहेत की वर द्यायचे, तेही तेव्हाच ठरवा. वर द्यावे लागले तरी द्यावेत.

दुसरा प्रश्न: मेगर, म्हणजे वायरच्या इन्सुलेशनची मोजणी, कोण करणार, आणि कधी? पॉइंटवरच्या वायरमनकडे मेगर क्वचित असतो. त्याची कसोटी म्हणजे टेस्टर आणि फेज-अर्थमध्ये लावलेला १०० वॉटचा बल्ब. बल्ब लागला की अर्थिंग चांगलं, असं धरतात. पण तो बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी वीसेक व्होल्टच पडतात आणि बल्ब झगझगीत जळतो. त्या बल्बने एवढंच कळतं की हिरवी वायर कुठेतरी जमिनीला पोचते. काँट्रॅक्टरकडे अर्थ टेस्टर असतो, पण त्याला जमिनीत दोन खुंट्या बऱ्याच अंतरावर ठोकाव्या लागतात. गावातल्या अरुंद बोळात ती जागाच मिळत नाही. तिथे सॉकेटमधून मोजणारा लूप टेस्टर आहे का, ते विचारून घ्यावं.

तिसरा प्रश्न लायसन्सचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे वायरिंगची भर किंवा बदल लायसन्सच्या काँट्रॅक्टरने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचा असतो. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं यातून वगळलं आहे, पूर्ण वायरिंग वगळलेलं नाही. कर्नाटकात हे लायसन्स विद्युत निरीक्षणालय देतं. निपाणी किंवा चंदगडच्या सीमेवर महाराष्ट्राचं लायसन्स असलेले चांगले काँट्रॅक्टर मिळतात, पण त्यांचा रिपोर्ट आपल्या हेस्कॉमच्या, म्हणजे अजून सगळे केईबी म्हणतात त्या वीज कंपनीच्या, उपविभागात चालेल का, हे काम सुरू होण्याआधी कार्यालयात जाऊन विचारा. घराचा मंजूर लोड वाढवायचा असेल तर हा प्रश्न हमखास येतो.

यातून एक तिसरी वाटही निघते आणि ती फार चालते: काम ओळखीचा वायरमन करतो, सही कुणीतरी काँट्रॅक्टर घर न पाहता देतो. पैसा वाचतो, कागदही मिळतो. पण तो कागद ओळखता येतो. सगळ्या सर्किटांपुढे एकच आकडा, मेगरचा क्रमांक नाही, तारीख नाही, किंवा तारीख वायर ओढण्याच्याही आधीची. खऱ्या मोजणीत आठ सर्किटांचे आठ वेगळे आकडे येतात. वायरमन विश्वासू असेल आणि काँट्रॅक्टर स्वतः दोनदा येऊन मोजणार असेल, तर ही वाट मला मान्य आहे.

दोनदा का, तर पहिली मोजणी वायर ओढून झाल्यावर, स्विच आणि दिवे बसण्याआधी व्हावी. तेव्हा दोष सापडला तर वायर ओढून बदलता येते. दुसरी सगळं बसल्यावर, वीज जोडण्याआधी. मेगर ५०० व्होल्ट डीसीवर लावतात, म्हणून एलईडी दिवे, रेग्युलेटर, इन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर आधी काढलेले हवेत, नाहीतर ते जळतात किंवा आकडा खोटा कमी दिसतो. फेज आणि न्यूट्रल मिळून अर्थशी, मग फेज न्यूट्रलशी, आणि शेवटी न्यूट्रल लिंकमधून सोडवून एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्याच्या न्यूट्रलशी, असं मोजायला सांगा. किमान १ मेगओहम हवं. नव्या वायरिंगचा आकडा सहसा शंभराच्या वर जातो. न्यूट्रल-न्यूट्रलमध्ये शून्य आलं तर ते कुठेतरी जोडलेले आहेत. दोन-चार मेगओहम आले तर ओल समजा. गिलावा ओला असताना किंवा खानापुरात ऐन पावसाळ्यात असं होतं, भिंत वाळल्यावर पुन्हा मोजावं. फॉल्स सीलिंगचे स्क्रू वायरिंगनंतर मारले असतील तर त्या खोलीचं सर्किट तर पुन्हा मोजावंच लागेल.

जिन्यातल्या दिव्याचा दोष मात्र मेगरला दिसत नाही, कारण तिथे दोन न्यूट्रल एकमेकांना जोडलेले नाहीत, फक्त दिवा चुकीच्या न्यूट्रलवर आहे. त्याला साधी युक्ती आहे. घरातले सगळे दिवे लावून एका सर्किटचा एमसीबी बंद करायचा आणि कोणते पॉइंट गेले ते लिहायचं. मग तो एमसीबी चालू ठेवून, मेन बंद करून, त्याच सर्किटचा न्यूट्रल लिंकमधून काढायचा, टोकाला टेप लावायची आणि मेन चालू करायचा. तेच पॉइंट गेले पाहिजेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. हे वायरमननेच करायचं. काढलेल्या न्यूट्रलच्या टोकावर दिव्यांमधून फेज येतो, म्हणून घरच्या माणसाने त्याला हात लावू नये. आठ सर्किटांना तासभर लागतो.

आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबून सगळं झालं असं मानू नका. ते बटण आतली यंत्रणा हलते का एवढंच सांगतं, अर्थिंग नसलं तरी ते दाबल्यावर आरसीसीबी पडतो. आरसीडी टेस्टर लावल्यावर आरसीसीबी १५ मिलीअँपिअरवर पडू नये, ३० वर ३०० मिलिसेकंदांत आणि १५० वर ४० मिलिसेकंदांत पडावा. पॉइंटवरच्या वायरमनकडे हा टेस्टर मी अजून पाहिलेला नाही. सगळ्या काँट्रॅक्टरांकडेही तो नसतो, म्हणून आधीच विचारावं.

कागद थोडेच पण नेमके घ्या. डीबीच्या दारात आतून चिकटवलेला मराठी तक्ता, कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा. सर्किटवार आकड्यांचा टेस्ट रिपोर्ट, मेगरच्या क्रमांकासह. लायसन्स क्रमांक आणि सुपरवायझरच्या सहीसह काम पूर्णतेचा अहवाल. आणि गिलाव्याआधी काढलेले पाइपांचे फोटो. अहवाल कन्नड किंवा इंग्रजी छापील नमुन्यात असला तरी हरकत नाही, पण आकडे काय आहेत ते समोर बसवून वाचून घ्या.

खर्चात काँट्रॅक्टर महाग पडतो, हे खरं. घर एकमजली, एकच आरसीसीबी, इन्व्हर्टर नाही, असं असेल तर वायरमनकडून करवून मोजणी आणि अहवालासाठी काँट्रॅक्टर आणणं परवडतं. दुमजली असेल किंवा इन्व्हर्टर असेल, तर माझं मत काँट्रॅक्टरकडे झुकतं. दोघांपैकी कुणालाही द्या, पण आरसीसीबी न काढता घर पंधरा दिवस नीट चाललं, तरच शेवटचा हप्ता द्यायचा, हे आगाऊ रक्कम देतानाच लिहून घ्या.