काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट: सात महिन्यांनंतर सेन्सिटिव्हिटीचा हिशेब

नोव्हेंबरपासून मी हे दोन्ही गेम एकाच माउसवर, ८०० डीपीआय कायम ठेवून खेळत आहे. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसच्या प्रत्येक काउंटला नजर ०.०२२ अंश फिरते, तर व्हॅलोरंटमध्ये ०.०७ अंश. म्हणून पहिल्या गेममधल्या आकड्याला ३.१८ ने भागले की दुसऱ्याचा आकडा मिळतो. माझा काउंटर-स्ट्राइकमधला आकडा १.२ आहे:

```
1.2 × 0.022 ÷ 0.07 = 0.377
```

या हिशेबाने पूर्ण गिरकीला दोन्हीकडे सुमारे ४३.३ सेंटिमीटर लागायला हवेत. सोलापुरात शिवणकामाची टेप घरोघरी असते. तीच माउसपॅडच्या कडेला चिकटवून, भिंतीवरच्या एका खुणेपासून पुन्हा त्याच खुणेपर्यंत फिरून मी दोन्ही गेममध्ये मोजले, आणि अंतर जुळले. (विंडोजमधले ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ आधीच बंद केले होते.)

तरीही व्हॅलोरंटमध्ये डोक्यावर नेम धरताना क्रॉसहेअर किंचित पुढे जात असे. कारण समजायला मला तीन महिने लागले. १६:९ पडद्यावर काउंटर-स्ट्राइकमध्ये आडवे दृश्य सुमारे १०६ अंशांचे असते आणि व्हॅलोरंटमध्ये १०३ अंशांचे. अरुंद दृश्य तेवढ्याच पडद्यावर पसरल्यामुळे मध्यभागी प्रत्येक वस्तू सुमारे सहा टक्के मोठी दिसते, आणि तितकाच अंश फिरूनही क्रॉसहेअर पडद्यावर सहा टक्के जास्त सरकतो. म्हणजे कोन जुळला तरी पडद्यावरचे अंतर जुळत नाही, आणि दोन्ही एकाच आकड्याने जुळवणे शक्य नाही.

फेब्रुवारीत मी व्हॅलोरंटचा आकडा सुमारे सहा टक्के कमी, म्हणजे ०.३५६ ठेवून दोन आठवडे खेळलो. बारीक नेम खरोखर सुधारला. पण मागे वळताना हात सवयीच्या अंतरावर थांबे आणि मी १८० ऐवजी १७० अंशांवरच अडकत असे. पाठीमागून आलेला खेळाडू त्या दहा अंशांत निसटतो. म्हणून मी ०.३७७ वर परतलो आणि सहा टक्क्यांचा फरक सरावाने पचवला. ज्यांचा खेळ कोपरा धरून बसण्याचा आहे आणि ज्यांना एकदम मागे वळावे लागत नाही, त्यांना मी ०.३५६ च सुचवेन.

स्कोपमध्ये मात्र माझा निर्णय उलटा आहे, कारण तिथे गिरकीचा प्रश्नच नसतो. काउंटर-स्ट्राइकमध्ये एडब्ल्यूपीच्या पहिल्या झूमला मूळ सेटिंग पडद्यावरच्या अंतराच्या मानाने जवळजवळ बावीस टक्के वेगवान आहे. त्यासाठी कन्सोलमध्ये मी हे ठेवले आहे:

```
zoom_sensitivity_ratio 0.818933
```

यानंतर स्कोपमधला सूक्ष्म नेम बिनस्कोपच्या नेमासारखाच वाटू लागला. दुसऱ्या झूमला हा आकडा तंतोतंत लागू पडत नाही.

मे महिन्यात घामाने कापडी पॅड ओलसर झाला की क्रॉसहेअर लक्ष्याच्या अलीकडे थांबू लागतो. तेव्हा आकडा बदलण्याचा मोह होतो. पण मी आधी टेप लावून मोजतो. अंतर अजूनही ४३ च्या आसपासच भरते, आणि मग मी सेटिंगला हात न लावता पॅड वाळत घालतो.