‘आधी मिनिमम कमी करा, मग बोलू’

लातूरला आमची छोटी डाळमिल आहे. दुसऱ्यांच्या ब्रँडची तूरडाळ एक किलोच्या छापील पाऊचमध्ये भरून देतो. नव्या ब्रँडला पहिली ऑर्डर किमान 5 टनांची. मागच्या वर्षी पुण्याहून एकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला : “500 किलोवर या, मग पुढचं बोलू.”

सीझन मंदीचा होता. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मी लगेच लिहिलं, “चालेल, 500 किलो. दर 5 टनांचाच लावतो.” त्याला 500 च का हवेत, हेसुद्धा विचारलं नाही. मुनीमजी तेव्हाच म्हणाले होते, “मालक, ह्यो मानूस डाळीचं कायीच इचारंना.” खरंच, त्यानं ना सॅम्पल मागितलं, ना फटका डाळ आहे की साधी, हे विचारलं. बोलणं सगळं मिनिममवर.

मग फोनवर गोड बोलणं सुरू झालं. “दर महिन्याला दोन टन उचलतो, पाऊच आमच्या नावाचे छापून घ्या.” लेखी काहीच नाही. आणि आमचं 5 टनांचं मिनिमम डाळीसाठी नसतंच, ते पाऊचसाठी असतं. छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो. आमचे सहा झाले, 30 हजार. छापणारा 200 किलोपेक्षा कमी फिल्म घेत नाही, ती 50 हजारांची. तेवढ्या फिल्मचे साधारण 20 हजार पाऊच होतात आणि त्याच्या ऑर्डरला लागणार होते 500! हा हिशोब मी छपाई झाल्यावर मांडला, तिथंच माती खाल्ली.

त्यानं पैसे रोख मोजून माल नेला. नंतर फोन उचलणं बंद. पुढं मोंढ्यात दुसऱ्या एका मिलवाल्याशी बोलताना कळलं, माझा तो ‘चालेल’ वाला मेसेज दाखवून यानं त्यालाही त्याच दरात, त्याच्याच खर्चानं छापायला लावलं होतं. तिसराही एक निघाला. म्हणजे दीड टन माल ठोक भावात, छपाई फुकट. पोलिसांत काय सांगणार? घेतलेल्या मालाचे पैसे तर त्यानं दिलेत. रोल तसेच पडून आहेत. त्यांवर त्याचं नाव, पत्ता, फूड लायसन्सचा नंबर. दुसऱ्या कुणाला चालत नाहीत. थराथरांची फिल्म म्हणून भंगारवालाही नेईना.

आता असा मेसेज आला की मी आकडा हलवायच्या आधी विचारतो : माल चालतो का बघायचंय, भांडवल कमी आहे, की ठेवायला जागा नाही? नुसतं बघायचं असेल तर साध्या पाऊचवर स्टिकर लावून 500 किलो देतो, किलोमागं 3 रुपये जास्त. छापीलच हवं असेल तर सिलिंडर आणि फिल्मचे 80 हजार आधी भरायचे. 20 टन उचलेपर्यंत ते टनामागं 4 हजारांनी बिलातून वजा होतात. दर फक्त त्या ऑर्डरपुरता आणि सात दिवसांपुरता, हेही त्याच मेसेजमध्ये लिहितो.

परवा परभणीच्या एका बाईंना हेच पाठवलं. त्यांनी स्टिकरवाली 300 किलो मागितली. पण आधी म्हणाल्या, “दादा, सॅम्पल पाठवा, शिजवून बघते.”