इनपुटला ‘केबल’ नाव दिलं, पण ते टिकवायला आठ महिने लागले

गूगल टीव्हीचा ४३ इंची संच, एका एचडीएमआयला केबलचा सेट-टॉप बॉक्स, दुसऱ्याला स्ट्रीमिंग स्टिक, आणि समोर बसणारे दोघेही सत्तरीच्या पुढचे. पॅनल, आवाज वगैरे सगळीकडे लिहून झालंय, त्यावर इथे काही नाही. मुद्दा एकच: रिमोट हातात घेतल्यावर पडद्यावर तेवढंच दिसलं पाहिजे, जेवढं घरात रोज लागतं.

मुख्य पडद्याचं काम तसं दहा मिनिटांचं. सेटिंगमध्ये Accounts & sign-in मध्ये जाऊन आपलं खातं निवडलं की Apps only mode सापडतो. तो चालू केला की सिनेमा-मालिकांच्या शिफारशींच्या रांगा जातात आणि अ‍ॅपची एक ओळ उरते. वरची मोठी जाहिरातवजा पट्टी मात्र जात नाही. चालू करताना काय काय बंद होणार ते टीव्ही लिहून दाखवतो, ते वाचल्याशिवाय ‘होय’ करू नये. आवाज देऊन शोधायची सवय असलेल्या घरात तर नाहीच. यूट्यूबच्या शोधात स्वतःचा माइक असतो, भजनं-कीर्तनं शोधायला तेवढा पुरतो. आणि हा मोड खात्यापुरता असतो. सुट्टीत आलेल्या नातवंडाने आपलं खातं जोडून तेच चालू ठेवलं तर सगळ्या रांगा परत हजर.

अ‍ॅपवर जाऊन मधलं बटण दाबून धरलं की हलवायचा आणि यादीतून काढायचा पर्याय येतो. इथे एक गोष्ट उशिरा कळते: म्हातारी माणसं चिन्ह वाचत नाहीत, जागा मोजतात. ‘होम दाबायचं, उजवीकडे दोनदा, मग मधलं’ असं बोटांना पाठ होतं. म्हणून सगळ्यात जास्त लागणारं अ‍ॅप पहिलं, आणि एकदा ठरलेला क्रम पुन्हा हलवायचा नाही. नवं काही हवंच असेल तर शेवटी जोडावं. या संचावर पाचच ठेवली आहेत. आधीपासून भरून आलेली काही अ‍ॅप काढता येत नाहीत, फक्त Apps मध्ये जाऊन निष्क्रिय करता येतात. पण रिमोटवर त्यांच्या नावाची बटणं छापलेलीच असतात. चुकून दाबलं की काही संचांवर काहीच होत नाही, काहींवर ते अ‍ॅप पुन्हा घ्या म्हणणारं पान उघडतं. अशा बटणावर चिकटपट्टीचा तुकडा लावणं हा उपाय दिसायला गावठी आहे, पण बाकी कुठल्याही सेटिंगपेक्षा पक्का.

आता खरा वैताग, इनपुटची नावं. सेटिंगमध्ये Inputs मध्ये (काही संचांवर आधी Channels & inputs) HDMI 1 वर गेलं की नाव बदलता येतं किंवा ते इनपुट यादीतून लपवता येतं. नाव असं द्यावं, जे घरात तोंडी बोललं जातं. कोणी ‘सेट-टॉप बॉक्स लाव’ म्हणत नाही, ‘केबल लाव’ म्हणतात, म्हणून ‘केबल’. लांब नाव अर्ध्यात कापलं जातं. टीव्हीच्या कीबोर्डवर मराठी नसेल तर फोनमधल्या गूगल टीव्हीच्या रिमोटवरून टाइप करून बघावं.

पहिल्या महिन्यात मत होतं की ही सोय बिनकामाची आहे, कारण ठेवलेलं नाव दिसेनासं व्हायचं. सर्व्हिसला फोन केल्यावर उत्तर ठरलेलं: फॅक्टरी रीसेट करा. ते करू नका. त्याने खाती, अ‍ॅपचा क्रम, नावं सगळं पुसलं जातं आणि मूळ कारण जिथल्या तिथे राहतं. कारणं दोन होती, आणि दोन्ही टीव्हीच्या बाहेरची.

पहिलं कारण भिंतीवरचं बटण. टीव्ही बंद झाला की बोर्डावरचं बटणही बंद, ही शिस्त त्या पिढीची, आणि चुकीची नाही. सेट-टॉप बॉक्स झोपेत १० वॉट खात असेल आणि दिवसाचे १६ तास तसाच राहत असेल, तर महिन्याला सुमारे ५ युनिट होतात. ८ रुपये दराने चाळीसेक रुपये. पण एचडीएमआयच्या वायरीत बॉक्सकडून टीव्हीकडे ५ व्होल्ट येत असतात, आणि त्यावरूनच टीव्हीला कळतं की पलीकडे काहीतरी जोडलंय. बटण बंद केलं की ते ५ व्होल्ट जातात आणि टीव्हीच्या लेखी वायरच उपसलेली असते. मग यादीत ते इनपुट फिकट होतं किंवा दिसतच नाही. नाव पुसलेलं नसतं. बॉक्सला वीज आली की परत येतं.

दुसरं कारण स्टिकचं. अशा स्टिक सीईसी वापरतात, म्हणजे त्याच वायरीतून टीव्हीला स्वतःचं नाव सांगतात आणि ‘आता मला दाखव’ असा हुकूमही देतात. हे नाव १४ अक्षरांच्या आत आणि साध्या रोमन लिपीतच जातं, तिथे देवनागरी चालत नाही. आपण नाव देतो ते टीव्हीच्या एचडीएमआय खाचेला. स्टिक मात्र स्वतःच्या नावाने वेगळी नोंद करते, आणि यादीत तिचीच नोंद दिसते. शिवाय स्टिक जागी झाली की टीव्ही केबल सोडून तिच्यावर उडी मारतो. बातम्या बघता बघता पडदा आपोआप बदलला, तर संशय आधी हिच्यावर घ्यावा.

इथे बरेच जण टीव्हीतलं HDMI control, म्हणजे टीव्हीच्या बाजूचं सीईसीच, बंद करतात. घरात साउंडबार एआरसीवर, म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीतून टीव्हीचा आवाज घेणारा, असेल तर त्याचा आवाज जातो किंवा टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त होत नाही, मग नवीच तक्रार सुरू. त्यापेक्षा सीईसी स्टिकच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बंद करावं आणि त्यानंतर खाचेला नाव द्यावं. क्रम महत्त्वाचा, उलट केलं तर ज्या नोंदीला नाव दिलं तीच नाहीशी होते.

ओळखायची खूण सोपी आहे. ‘केबल’च्या जागी इंग्रजी यंत्रनाव आलं तर सीईसी. नोंद फिकट किंवा गायब असेल तर वीज नाही. नुसतं HDMI 1 परत आलं तरच नाव खरोखर पुसलं गेलंय, आणि बहुधा कोणीतरी रीसेट केलाय.

हे कळल्यावर मत बदललं. आता तर वाटतं नाव देण्यापेक्षा लपवणं जास्त उपयोगी: वापरात नसलेलं HDMI 3, एव्ही आणि अँटेना लपवले की इनपुटच्या बटणावर दोनच नोंदी येतात, आणि चुकून दाबलं तरी तिसरीकडे जायला जागा नाही. Power & Energy मधल्या Power on behavior मध्ये Last used input ठेवलं की टीव्ही थेट केबलवर उघडतो आणि ती जाहिरातवजा पट्टी बघावी लागत नाही. प्रत्येक स्थितीतून, म्हणजे केबलवरून, यूट्यूबवरून, एकदा बोर्डावरूनही, बंद-चालू करून बघावं. टीव्हीची वीजच तोडली तर तो नव्याने सुरू होतो, वेळ घेतो, आणि मुख्य पडद्यावर उतरू शकतो.

सध्या टीव्हीचं बटण चालूच असतं, झोपेत तो फारसं खात नाही. बॉक्सचं बटण वेगळं केलंय आणि त्यावर लाल ठिपका लावलाय: आधी लाल ठिपका, वीस आकडे मोजायचे, मग रिमोट. घाई केली तर पडद्यावर सिग्नल नाही असं येतं, आणि मग हात इनपुटच्या बटणाकडे जातोच.