पत्रा थंड करायचा की बोअर भरायचा? मराठवाड्यातल्या शहरात आधी कोणता धंदा

हाताशी दोन-तीन लाख रुपये आहेत, लातूर, परभणी, नांदेड किंवा बीडमध्येच राहायचं आहे आणि ऊन-पाण्याच्या बदलत्या तऱ्हेवर काम देणारा धंदा सुरू करायचा आहे, असं ठरवलेल्यांसमोर सध्या दोन वाटा दिसतात. एक म्हणजे छतावर उष्णता परतवणारा पांढरा थर देण्याची सेवा. दुसरी म्हणजे छताचं पाणी गाळून बोअर किंवा शोषखड्ड्यात सोडण्याची कामं. दोन्हींची गरज खरी आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ मध्ये याच पट्ट्यातली शेतं आणि वस्त्या पाण्याखाली गेल्या. पण गिऱ्हाइकाला काय विकायचं आणि काय कबूल करायचं नाही, हे दोन्ही धंद्यांत वेगळं आहे.

आधी पत्रा. उघडा पत्रा मे महिन्याच्या दुपारी इतका तापतो की हात ठेववत नाही, आणि तीच उष्णता खाली झोपलेल्यांवर उतरते. चांगला पांढरा थर ताजा असताना उन्हाचा तीन-चतुर्थांशहून जास्त भाग परत फेकतो. घरातल्या हवेत फरक साधारण दोन ते पाच अंशांचा पडतो. तो भिंती, खिडक्या आणि छताच्या उंचीवर अवलंबून असतो, म्हणून 'एसीसारखं थंड होईल' असं कधीच सांगू नका. स्लॅबच्या घरात तर दुपारपेक्षा संध्याकाळनंतरचा दिलासा जास्त जाणवतो, कारण स्लॅब दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री सोडतो.

हिशेब असा मांडा. २० बाय २५ फुटांचं पत्र्याचं घर, म्हणजे ५०० चौरस फूट. पत्र्याच्या नागमोडीमुळे रंगवायचं क्षेत्र साधारण ५५० होतं. दोन हातांना लिटरमागे ४० चौरस फूट धरले तर १४ लिटर लागतात. लिटरला २५० रुपये धरा, म्हणजे साडेतीन हजार. गंज काढणे, प्रायमर आणि ब्रश यांना ८००, दोन माणसं दोन दिवस प्रत्येकी ८०० रुपये रोजाने म्हणजे ३,२००, वाहतूक ३००. एकूण ७,८००. रंगवलेल्या चौरस फुटाला २० रुपये घेतले तर बिल ११,००० आणि हाती ३,२०० राहतात. भाव तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील, पण सर्वांत आधी तपासायचा आकडा लिटरमागचं क्षेत्र हा आहे. ते वाढवण्यासाठी रंगात जास्त पाणी घातलं, तर पहिल्या वर्षी कळत नाही, दुसऱ्या वर्षी थर भुकटी होऊन हाताला लागतो.

बिघडतं कुठे? गंजलेल्या पत्र्यावर थर दिला की पापुद्रे सुटतात, म्हणून घासणं आणि प्रायमर हे काम टाळायचं नाही. दुपारी तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर वरचा पापुद्रा लगेच वाळतो आणि खाली नीट चिकटत नाही. पहाटेचं दव वाळलं की ते दहापर्यंत, हीच वेळ; शिवाय त्यानंतर कामगारांचीच तब्येत धोक्यात येते. पत्र्यावर चालताना पाय स्क्रूंच्या ओळीवरच ठेवा. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर फळ्या टाकल्याशिवाय चढायचं नाही आणि त्यांना कोरडं घासायचं तर अजिबातच नाही. त्यात ॲस्बेस्टॉसचे धागे असतात. अशी कामं सुरुवातीला नाकारलेलीच बरी.

दाखवण्यासाठी निम्मं छत आधी रंगवा आणि दुपारी दोन वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने दोन्ही बाजू मोजा. इथे मोठी चूक होते. चकचकीत उघडा पत्रा हे यंत्र नीट वाचू शकत नाही, त्याला खऱ्यापेक्षा थंड दाखवतं. त्यावर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, काही मिनिटं तापू द्या आणि टेपवर नेम धरा. छताच्या खालून मोजताना पत्र्याला तेच करा. गिऱ्हाइकासमोर हे केलं की शंका उरत नाही. धुळीमुळे थराची परावर्तन क्षमता वर्षभरात घटते, म्हणून होळीच्या आसपास एकदा धुण्याचं काम वार्षिक करारात जोडा. तिथेच नियमित पैसा आहे.

आता पाणी. १,००० चौरस फुटांच्या स्लॅबवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि १५ टक्के वाया गेला असं धरलं, तरी हंगामात सुमारे ५५,००० लिटर मिळतात, म्हणजे पाच हजारांचे अकरा टँकर. हा आकडा ऐकून माणूस राजी होतो. पण त्याला पूर रोखण्याचं आश्वासन दिलं तर तुम्ही अडकाल. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच छतावरून सुमारे ७,९०० लिटर येतात. पाच बाय पाच फुटांचा, आठ फूट खोल, दगड भरलेला खड्डा ४० टक्के पोकळी धरली तरी साधारण २,२५० लिटर सामावतो. उरलेलं जमीन किती भराभर पिते यावर ठरतं. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी जवळपास थांबतं. म्हणून खड्डा मुरमापर्यंत गेला पाहिजे. काम घेण्याआधी तळाशी फूटभराचा लहान खड्डा करून रात्रभर पाण्याने भिजवा, सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती बोटं उतरलं ते पाहा. जेमतेम हललं तर तिथे शोषखड्डा विकू नका.

बोअरमध्ये थेट सोडायचं असेल तर बेसाल्टच्या भेगा पाणी घेतात का, हे एक टँकर ओतून आधी पाहा. वर येऊन साचलं तर तो बोअर भरणारा नाही. गाळणीत खाली मोठे दगड, वर खडी, मग कोळसा आणि वाळू, मधल्या थरांमध्ये जाळी. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायला वेगळा व्हॉल्व्ह हवाच. गल्लीचं वाहतं पाणी, ज्यात गटार मिसळतं, ते बोअरमध्ये जाऊ देणं म्हणजे शेजारच्यांचंही पिण्याचं पाणी नासवणं. गोदावरीकाठच्या सखल वस्तीत बोअरचा केसिंग पाइप पुराच्या खुणेपेक्षा वर उचलून वर झाकण घट्ट बसवायला हवं.

या कामात एका जागेचे पैसे जास्त मिळतात, पण खोदाई, प्लंबर आणि गवंडी तिघांना सांभाळावं लागतं. फळ पावसाळ्यानंतर दिसतं, म्हणून तोंडी शिफारशीवर गिऱ्हाईक हळू येतं. जमेची बाजू म्हणजे ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामांना राज्याच्या एकत्रित नियमावलीप्रमाणे पावसाचं पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय करावी लागते. बिल्डर गाठता आले तर एकाच ठिकाणी मोठं काम मिळतं.

पाणी उपसण्याचे पंप भाड्याने देण्याची तिसरी कल्पना काहींना आवडते. वर्षातले मोजके दिवस चालणाऱ्या यंत्रांवर भांडवल अडकवण्याइतकी मागणी लहान शहरात नसते, म्हणून ती मी सुरुवातीला घेणार नाही.

भांडवल दोन-तीन लाख आणि बांधकामाचा अनुभव नसेल, तर छतापासून सुरुवात करा. पहिलं काम पत्र्याच्या वस्तीत, दिवाळीनंतर ते मेपर्यंतच्या कोरड्या महिन्यांत घ्या. तुमच्याकडे गवंडी-प्लंबरची टीम आधीच असेल किंवा तुमच्या भागातले बोअर उन्हाळ्यात आटत असतील, तर बोअर भरण्याचं काम आधी घ्या, पण खोदाई जूनच्या आत संपवा. दोन्ही जोडायचं असेल तर त्याच छताच्या गिऱ्हाइकाला धुलाईच्या भेटीत पन्हाळ्या आणि पाइप दाखवा आणि टँकरचा आकडा त्याच्याच छताच्या मापावर काढून द्या.